आधी घराचं लिहून ठेवा, मग सामान हलवा

उतारवयात एकत्र राहायला जाणाऱ्या दोघांनी कोणते प्रश्न आधी सोडवावेत?

माधव दामले यांनी २०१२ मध्ये पुण्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं, तेव्हा साठी ओलांडलेली दोन माणसं लग्नाविना एका घरात राहतील ही कल्पना अनेकांच्या पचनी पडली नव्हती. आज ती तितकी अनोळखी राहिलेली नाही. मुलं बंगळुरूला नाहीतर परदेशात, जोडीदार गेलेला, आणि संध्याकाळी दोन शब्द बोलायला घरात कुणी नाही, ही स्थिती घरोघरी दिसते. अशा वेळी कट्ट्यावर, सहलीत किंवा मेळाव्यात कुणी भेटतं, मन जुळतं आणि काही महिन्यांत प्रश्न उभा राहतो: एकत्र राहायला कधी जायचं?

पंचविशीतल्या जोडप्यासाठी हा प्रश्न बराचसा स्वभावाचा आणि भाड्याचा असतो. पटलं नाही तर दोघंही नव्याने सुरुवात करू शकतात. पासष्टीनंतर तसं राहत नाही. मोडलेलं घर पुन्हा मांडायला बळ आणि पैसा दोन्ही कमी पडतात. शिवाय दोघांतलं एक माणूस आधी जाणार, कदाचित दहा वर्षांच्या आतच, हे उघड आहे. म्हणून या वयात एकत्र राहण्याची तारीख ठरवण्याआधी, एकजण नसेल त्या दिवशी दुसरा कुठे राहील आणि काय खाईल, हे ठरवायला हवं. त्याचं उत्तर कागदावर उतरलं की तारीख ठरवणं सोपं आहे. ते उतरलं नसेल तर प्रेम कितीही खरं असलं तरी घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे.

हे नीट समजावं म्हणून एक उदाहरण घेऊ. माणसं काल्पनिक आहेत, पण त्यांच्यापुढचे प्रश्न अगदी नेहमीचे आहेत. गृहस्थ ६८ वर्षांचे, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, पेन्शन ४२ हजार. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. सिंहगड रोडवर दोघांच्या नावावर घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट. मुलगा पुण्यातच वेगळा राहतो, मुलगी परदेशात. बाई ६२ वर्षांच्या. त्यांचे पती टपाल खात्यात होते. त्यांच्या मागे बाईंना १८ हजार फॅमिली पेन्शन मिळते. चिंचवडला त्यांच्या एकटीच्या नावावर लहानसा फ्लॅट आहे आणि एक मुलगी नाशिकला नांदते आहे. दोघांची ओळख दीड वर्षाची. बाईंनी सिंहगड रोडच्या घरी राहायला यावं, असा विचार चालला आहे.

लग्न का नाही?

नातेवाईक पहिला प्रश्न हाच विचारतात, “राहायचंच आहे तर लग्न करा की!” त्यामागे बहुतेकदा लोकलज्जा असते, पण निर्णय घेताना हिशेबही पाहावा लागतो.

केंद्र सरकारच्या पेन्शन नियमांनुसार विधवेला मिळणारी फॅमिली पेन्शन तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत चालते. अपत्य नसलेल्या विधवेला उत्पन्नाच्या अटीवर सवलत आहे, पण आपल्या उदाहरणातल्या बाईंना मुलगी आहे. म्हणजे लग्न केलं की त्यांचे महिन्याचे १८ हजार थांबले. हे त्यांचे एकमेव हक्काचे, कुणापुढे हात न पसरता मिळणारे पैसे आहेत.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर लग्न केल्यास त्या कायद्याने पत्नी होतील. गृहस्थांच्या पश्चात त्यांची फॅमिली पेन्शन बाईंना मिळू शकेल, कारण केंद्राच्या नियमांत निवृत्तीनंतर झालेल्या लग्नाची पत्नीही धरली जाते. साधारणपणे पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी असते आणि फॅमिली पेन्शन ३० टक्के. म्हणजे ४२ हजारांच्या पेन्शनमागे अंदाजे २५ हजार. शिवाय त्या वारस ठरतील, आणि गृहस्थांनी मृत्युपत्र केलं नसलं तरी त्यांच्या मालमत्तेत मुलांइतकाच वाटा बाईंना मिळेल. लिव्ह-इनमध्ये यातलं काहीही आपोआप मिळत नाही.

म्हणून निवड अशी आहे: आज हातात असलेले १८ हजार आणि स्वतःचं स्वातंत्र्य, की आज ते सोडून उद्याचे २५ हजार आणि वारसाहक्क? ज्या बाईंना स्वतःची पेन्शन नाही, घर नाही, त्यांच्यासाठी लग्न हाच जास्त सुरक्षित मार्ग असू शकतो. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन ते साधेपणाने करता येतं. आपल्या उदाहरणातल्या बाईंना मात्र स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे आणि ती सोडायची नाही. त्यांनी लिव्ह-इन निवडलं तर त्यात काही वावगं नाही.

इथे एक खबरदारी हवी. “कागदावर नाही, पण देवळात हार घालून घेऊ, म्हणजे मनाला बरं वाटेल,” असं पुष्कळ जण म्हणतात. विधिपूर्वक झालेलं लग्न नोंदलं नाही तरी लग्नच असतं. पुनर्विवाह केल्यास कळवीन अशी हमी बाईंनी पेन्शन सुरू होताना दिलेली असते, आणि दर नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्यातही तो प्रश्न येतो. तिथे खोटं लिहिण्याची वेळ येऊ देऊ नये. राज्य सरकार, सैन्यदल, भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन या प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. आपल्या पेन्शन कार्यालयातून उत्तर लेखी घ्यावं, शेजारच्या काकांच्या सांगण्यावर जाऊ नये.

‘माझं घर’ खरंच कुणाचं?

गृहस्थ म्हणतात, “माझं घर आहे, तुम्ही निश्चिंतपणे या.” ते मनापासून म्हणतात, पण त्यांचं म्हणणं पूर्ण खरं नाही, आणि हे बहुधा त्यांनाही ठाऊक नसतं.

फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावावर होता. पत्नी गेल्यावर सोसायटीत नॉमिनी म्हणून गृहस्थांचं नाव होतं, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर ते चढवलं आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. पण नॉमिनी हा मालमत्ता सांभाळणारा असतो, त्यामुळे मालकी ठरत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. पत्नीने मृत्युपत्र केलेलं नव्हतं. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार अशा स्त्रीची स्वकष्टाची मालमत्ता तिचा पती, मुलगे आणि मुली यांच्यात समान वाटली जाते. म्हणजे तिच्या निम्म्या हिश्शाचे तीन भाग झाले. मुलाला एक षष्ठांश, मुलीला एक षष्ठांश, गृहस्थांना एक षष्ठांश. गृहस्थांचा मूळचा निम्मा हिस्सा धरून त्यांच्याकडे दोन तृतीयांश घर आहे. उरलेलं एक तृतीयांश आजच मुलांचं आहे.

गृहस्थ हयात असेपर्यंत याने फारसा फरक पडत नाही. ते गेले की सगळा फरक पडतो. त्यांचं मृत्युपत्र नसेल तर त्यांचे दोन तृतीयांशही मुलांकडे जातात, आणि बाई ज्या घरात दहा वर्षं राहिल्या त्या घरात त्यांचा कायदेशीर हिस्सा शून्य असतो. अंत्यविधीनंतर “आता तुमचं काय ठरलंय?” हा प्रश्न त्यांना ऐकावा लागतो. विचारणारी मुलं वाईटच असतात असं नाही. त्यांच्या आईच्या घरात कोण राहणार हे कुणी ठरवलेलंच नसतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे कागद काढून बसणं: खरेदीखत, शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, आधीच्या जोडीदाराचा मृत्यू दाखला, कुणाचं मृत्युपत्र असेल तर ते, आणि घरावर कर्ज किंवा कुणाला दिलेली जामिनकी असेल तर त्याची माहिती. दोघांनी एकमेकांचे कागद पाहावेत. संकोच वाटतो, पण ज्याच्यासोबत उरलेलं आयुष्य काढायचं त्याला खरेदीखत दाखवायला हरकत नसावी.

मृत्युपत्रात नेमकं काय लिहायचं?

बाईंना घराची मालकी द्यावी का? बहुतेक वेळा त्याची गरज नसते आणि त्यामुळेच मुलं बिथरतात. त्यांना हवं असतं ते डोक्यावरचं छप्पर. यासाठी मृत्युपत्रात हयातभर राहण्याचा हक्क देता येतो. गृहस्थ लिहू शकतात की माझ्या पश्चात या घरात बाईंना त्या असेपर्यंत राहता येईल, आणि त्यांच्यानंतर माझा हिस्सा माझ्या मुलांकडे समान जाईल. यात बाई रस्त्यावर येत नाहीत आणि मुलांची मालमत्ता दुसऱ्या घराण्यात जात नाही.

पण एवढं एक वाक्य पुरत नाही. पुढे भांडण जिथे होतं त्या बारकाव्यांचा उल्लेख हवा. सोसायटीचा मासिक खर्च आणि मिळकतकर कोण भरणार? मोठी दुरुस्ती किंवा इमारतीचा पुनर्विकास निघाला तर बाईंची राहण्याची सोय कशी होणार? पुण्या-मुंबईत हा प्रश्न आज ना उद्या येतोच. त्या घर भाड्याने देऊ शकतील का? बहुधा नाही, तसं स्पष्ट लिहावं. त्या स्वतःहून मुलीकडे किंवा वृद्धाश्रमात कायमच्या राहायला गेल्या तर हक्क संपेल का? आणि घरातलं सामान, म्हणजे फ्रीज, पलंग, त्यांनी स्वतः आणलेली भांडी, कुणाचं? यादी जोडावी.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांच्या देखत सही करावी लागते आणि साक्षीदारांनीही सही करावी लागते. साक्षीदार लाभ मिळणाऱ्यांपैकी नसावेत, आणि शक्यतो आपल्यापेक्षा तरुण असावेत, म्हणजे वेळ आल्यास ते साक्ष द्यायला असतील. नोंदणी सक्तीची नाही, पण सत्तरीच्या आसपासच्या माणसाने दुय्यम निबंधक कार्यालयात ती करावी आणि त्याच सुमारास डॉक्टरांकडून मानसिक स्थिती उत्तम असल्याचा दाखला घ्यावा. “बाबांना काही कळत नव्हतं, त्यांच्याकडून लिहून घेतलं” हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि त्याला हेच उत्तर असतं.

आपल्या उदाहरणात एक अडचण उरते. गृहस्थ मृत्युपत्र करू शकतात ते फक्त त्यांच्या दोन तृतीयांशाचं. मुलांच्या एक तृतीयांशावर त्यांचं काही चालत नाही, आणि मुलं वाटणी मागू शकतात. त्यासाठी मुलांशी बोलावंच लागेल. त्यांनी वडिलांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं तर घर पूर्ण वडिलांचं होतं आणि मृत्युपत्र संपूर्ण घराला लागू पडतं. मुलं त्याला तयार नसतील तर बाईंच्या हयातीत घराची वाटणी मागणार नाही असा लेखी करार वकिलांकडून करून घेता येतो. दोन्हीपैकी काहीच होत नसेल तर सिंहगड रोडच्या घरात राहायला जाण्याचा बेत बाईंनी सोडावा. त्याऐवजी तिसरं घर दोघांच्या नावे लिव्ह अँड लायसन्स करारावर घेणं बरं. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. करारात दोघांची नावं असली तर एकजण गेला तरी दुसऱ्याला मुदत संपेपर्यंत निदान तिथे राहता येतं.

मुलांना कधी आणि कसं सांगायचं?

सगळं ठरल्यावर सांगितलं तर मुलांना वाटतं आपल्याला डावललं. फार लवकर, दोघांचंच पक्कं नसताना सांगितलं तर घरात विनाकारण वादळ उठतं. एकत्र राहायचं हे दोघांमध्ये पक्कं झालं, पण घर कोणतं आणि कधी हे ठरायचं आहे, ही सांगण्याची योग्य वेळ. प्रत्येकाने आपापल्या मुलांना स्वतः, समोर बसून सांगावं. परदेशातल्या मुलीला भावाकडून कळता कामा नये.

मुलांचे आक्षेप बोलताना मानाचे असतात, आतून बऱ्याचदा मालमत्तेचे आणि आईच्या आठवणींचे असतात. म्हणून मृत्युपत्राचा मसुदा घेऊनच बोलणं उपयोगी पडतं. घर शेवटी तुमचंच आहे हे कागदावर दिसलं की अर्धा विरोध मावळतो. आईचे दागिने, साड्या, फोटो यांचं काय करायचं हेही त्याच वेळी मुलांना विचारावं. दागिने आधीच मुलीकडे सोपवले तर पुढचा संशय राहत नाही.

एक मागणी मात्र मान्य करू नये. “राहा खुशाल, पण आधी घर आमच्या नावावर करा.” महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र लागतं, त्यामुळे हे चटकन उरकलंही जातं. पण बक्षीसपत्राने मालकी त्याच दिवशी जाते, आणि मग बाईंनाच काय, स्वतः गृहस्थांनाही त्या घरात मुलांच्या मर्जीने राहावं लागतं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात सांभाळाच्या अटीवर दिलेली भेट रद्द करून घेण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी स्वतःच्या मुलांविरुद्ध न्यायाधिकरणापुढे उभं राहावं लागतं. मुलांना द्यायचं ते मृत्युपत्राने द्यावं, हयातीत हातचं सोडू नये.

हाच नियम बाईंनाही लागू आहे. चिंचवडचा फ्लॅट विकू नये, मुलीच्या नावे करू नये, आणि त्याचे पैसे सिंहगड रोडच्या घराच्या दुरुस्तीत तर मुळीच घालू नयेत. तो लिव्ह अँड लायसन्सवर द्यावा आणि येणारं भाडं स्वतःच्या खात्यात स्वतंत्र ठेवावं. पहिलं वर्षभर तो रिकामा ठेवणं परवडत असेल तर त्याहून चांगलं. परत जायला स्वतःचं दार असलं की माणूस नात्यात मोकळेपणाने राहतो.

महिन्याचा खर्च आणि स्वयंपाकघर

दोघांच्या पेन्शनचं प्रमाण ४२ ला १८, म्हणजे ७० ला ३०. घरखर्च महिन्याला ३० हजार धरला तर त्याच प्रमाणात गृहस्थांनी २१ हजार आणि बाईंनी ९ हजार द्यावेत. निम्मा-निम्मा केला तर बाईंच्या हाती फक्त तीन हजार उरतात, आणि सगळा खर्च गृहस्थांनी केला तर पुढे “माझ्या जिवावर राहते” हे वाक्य कधीतरी कुणाच्या तरी तोंडून येतं. प्रमाणात वाटलेला खर्च दोघांचाही मान राखतो.

घरखर्चासाठी एक जोडखातं काढावं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं, आणि त्यात फक्त दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढीच रक्कम ठेवावी. बाकी ठेवी ज्याच्या त्याच्या नावावर राहू द्याव्यात. बँकेतल्या ठेवीला कुणालाही नॉमिनी करता येतं, पण नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होतोच असं नाही, हे घराच्या बाबतीत पाहिलं तेच इथे. एखादी ठेव जोडीदारालाच मिळावी अशी इच्छा असेल तर तिचा उल्लेख मृत्युपत्रातही हवा. आयकराच्या दृष्टीने लिव्ह-इन जोडीदार ‘नातेवाईक’ नाही. पती-पत्नीतली भेट करमुक्त असते. इथे मात्र वर्षभरात मिळून ५० हजारांपेक्षा जास्त भेट मिळाली तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. घरखर्चाचा वाटा म्हणजे भेट नव्हे, पण मोठी रक्कम एकमेकांच्या खात्यात टाकण्याआधी कर सल्लागाराला विचारावं.

पैशांपेक्षा अवघड प्रश्न स्वयंपाकघराचा आहे. या वयात काही पुरुषांना सोबत हवी असते, तर काहींना वेळेवर गरम जेवण आणि औषधं देणारं माणूस हवं असतं. दोन्हीतला फरक बाईंनी आधीच ओळखायला हवा. ओळखायची रीत सोपी आहे. आज त्या घरात पोळ्यांना आणि धुण्याभांड्यांना बाई येतात का? येत असतील तर तुम्ही राहायला आल्यावरही त्या चालू राहतील का, असं सरळ विचारावं. “आता त्यांची काय गरज?” असं उत्तर आलं तर तिथेच थांबून बोलावं. सकाळचा चहा कोण करणार, भाजी कोण आणणार, पाहुणे आले तर काय, नातवंडं सुट्टीत किती दिवस राहणार, बाईंची मुलगी बाळंतपणाला आली तर या घरात येणार का, हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण सहा महिन्यांनी कुरबूर होते ती यांच्यावरूनच.

आजारपणात सही कुणाची?

दवाखान्यात दाखल करताना “तुम्ही पेशंटच्या कोण?” हा प्रश्न येतोच. पत्नी म्हणावं तर कागद नाही, मैत्रीण म्हणावं तर परिचारिका मुलांना बोलावतात. म्हणून प्रत्येकाने एक साधं पत्र लिहून ठेवावं. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, कुणाशी उपचारांची चर्चा करायची, आणि त्यात जोडीदार व मुलगा किंवा मुलगी दोघांचीही नावं असावीत. ते पत्र आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि ॲडमिट होण्याची शक्यता असलेल्या रुग्णालयात आधीच द्यावं.

त्यापुढची पायरी म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र. बरं होण्याची आशा उरली नसताना यंत्रांवर ठेवायचं की नाही हे आपण आधी लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. आपण बोलू शकणार नाही तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा त्यांची नावं त्यात लिहिता येतात. जोडीदार आणि अपत्य यांच्यात आयसीयूच्या दारात वाद होणं फार वाईट, आणि ते या एका कागदाने टळतं.

आरोग्य विमा ज्याचा त्याचा स्वतंत्र ठेवावा. लग्न नसताना एकाच कौटुंबिक पॉलिसीत नाव घालता येईलच असं नाही, आणि जुनी पॉलिसी सोडली तर वयामुळे नवी महाग पडते. आणखी एक प्रश्न आधीच बोलून घ्यावा. एकाला अर्धांगवायू झाला किंवा स्मृतिभ्रंश सुरू झाला तर दुसऱ्याने किती करायचं? ६२ वर्षांच्या बाईने एकटीने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलणं शक्य नाही. अशा वेळी दिवसरात्रीची मावशी ठेवायची, तिचे पैसे आजारी माणसाच्या पेन्शनमधून जायचे, आणि मुलांनी आठवड्यातला ठरावीक वेळ द्यायचा, हे आधी ठरलेलं असावं.

कायदा किती पाठीशी आहे?

दोन सज्ञान माणसांनी लग्नाविना एकत्र राहणं हा गुन्हा नाही. उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून अशा नात्याची नोंदणी सक्तीची झाली, महाराष्ट्रात तशी सक्ती नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात ‘विवाहसदृश नातं’ धरलं आहे, म्हणून लिव्ह-इनमधल्या स्त्रीलाही मारहाण, छळ किंवा घराबाहेर काढण्याविरुद्ध दाद मागता येते. असं नातं कोणतं, याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. दोघंही सज्ञान असावेत, कायद्याने अविवाहित असावेत म्हणजे विधवा, विधुर किंवा घटस्फोटित चालतात, बराच काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले असावेत आणि समाजात जोडप्यासारखे वावरत असावेत.

यातली अविवाहित असण्याची अट उतारवयात महत्त्वाची ठरते. “आम्ही वीस वर्षं वेगळेच राहतो” म्हणजे घटस्फोट नव्हे. जोडीदार विभक्त असल्याचं सांगत असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा पाहावा. तो नसेल तर बाईंना हे संरक्षण मिळणं कठीण, आणि पेन्शन, वारसा सगळं पहिल्या पत्नीचं.

अनेक जोडपी पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिव्ह-इन करार करून नोटरी करतात. तो जरूर करावा. खर्चाचा वाटा, कुणाचं सामान कोणतं, वेगळं व्हायचं ठरलं तर किती महिन्यांची मुदत, हे त्यात लिहावं. पण त्याने वारसाहक्क मिळत नाही, घर मिळत नाही आणि कायद्याने दिलेलं संरक्षण काढूनही घेता येत नाही. तो दोघांच्या इराद्याचा पुरावा आहे. खरं वजन मृत्युपत्राला आणि नोंदणीकृत कागदांना आहे.

मग तारीख कधी?

आपल्या उदाहरणात क्रम असा राहील. आधी दोघांनी एकमेकांच्या घरी साध्या, कामाच्या दिवशी राहून पाहावं. सणाला किंवा सहलीत सगळेच गोड असतात. रात्री टीव्ही किती वाजेपर्यंत, पहाटे पूजेची घंटा किती वाजता, मांसाहार चालतो का, घोरण्यामुळे वेगळी खोली लागते का, हे मंगळवार-बुधवारी कळतं. मग मुलांशी बोलणं आणि हक्कसोडपत्राचा निर्णय. मग मृत्युपत्राची नोंदणी आणि दवाखान्याची पत्रं. त्यानंतर तीन महिने बाईंनी सिंहगड रोडला राहावं, चिंचवडचं घर जसंच्या तसं ठेवून, आणि तीन महिन्यांनी दोघांनी पुन्हा बसून विचारावं, पुढे चालू ठेवायचं का? सोसायटीच्या सेक्रेटरींना पहिल्याच आठवड्यात गृहस्थांनी स्वतः सांगावं. मालकाने आपल्या घरात कुणाला सोबत राहू द्यावं यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही, पण आपण आधी सांगितलं की जिन्यातली कुजबूज लवकर थांबते.

काही खुणा दिसल्या तर तारीख पुढे ढकलावी. पहिल्याच महिन्यांत घर विकण्याची किंवा ठेवी मोडण्याची घाई. घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यू दाखला दाखवायला टाळाटाळ. “मुलांना नंतर सांगू” हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकू येणं. जुन्या मैत्रिणींकडे, भजनी मंडळाकडे जायला हळूहळू होणारा अटकाव. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे मृत्युपत्राचा विषय काढला की “माझ्यावर विश्वास नाही का?” असं म्हणणं.

विश्वास असतोच, म्हणूनच विचारलेलं असतं. पण गृहस्थ गेल्यावर बाईंना सांभाळायला त्यांचा शब्द शिल्लक राहणार नाही, कागद राहील. तो लिहायला ते तयार नसतील तर नातं तोडायची गरज नाही. रोज भेटावं, एकत्र जेवावं, सहलींना जावं, आणि रात्री आपापल्या घरी परतावं. अशी आनंदाने वेगळी राहणारी जोडपीही असतात. त्यांनी काही कमी निवडलं असं समजू नये. एका छपराखाली मात्र त्या छपराचं लेखी उत्तर मिळाल्यावरच जावं.